कासवाच्या चालीने पहिला डाव: वेगाला घाबरणाऱ्यांसाठी 0 A.D.

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेममध्ये पाळी नसते. तुम्ही घर बांधत असता तेव्हा समोरचा थांबून वाट बघत नाही, आणि तुमची स्वतःची माणसंही थांबत नाहीत. कोणी लाकूड तोडतंय, कोणी रिकामं उभं आहे, कुठे घंटा वाजली, अन्न संपलं. नवीन माणूस इथेच गडबडतो, आणि मग ‘आपले हात तेवढे वेगवान नाहीत’ असं म्हणून गेम काढून टाकतो. माझं मत वेगळं आहे. सुरुवातीला गडबड उडते ती हातांच्या वेगामुळे फार कमी. पुढच्या क्षणाला नजर कुठे टाकायची हे ठरलेलं नसतं, म्हणून ती उडते. ती नजर बसवायची तर गेम खरोखर हळू चालवता आला पाहिजे, आणि हळू चालत असताना हुकूमही देता आले पाहिजेत.

त्यासाठी हा लेख एकाच गेमवर आहे: 0 A.D. तो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो आणि जुन्या लॅपटॉपवरही लहान डाव बरा निघतो. उतरवून घ्यायचा तो play0ad.com वरूनच. आणखी एक कारण म्हणजे त्यात मौर्य आहेत. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य हे तिघेही त्यात ‘हीरो’ म्हणून येतात. चाणक्याला रणांगणावर चालवणं हा प्रकार मला अजूनही गमतीचा वाटतो, पण तो डावात बराच उशिरा मिळतो. पहिल्या डावात आपल्याला मौर्य हवेत ते त्यांच्या कामाच्या हत्तीसाठी.

पॉज आणि कासव

पॉज दोन जातींचे असतात. एकात गेम थांबतो आणि तुम्हीही थांबता. दुसऱ्यात गेम थांबतो, पण तुम्ही शांतपणे हुकूम देत राहता आणि पॉज काढला की सगळे कामाला लागतात. घाबरणाऱ्या माणसाला दुसरा हवा असतो.

0 A.D. मधला पॉज पहिल्या जातीचा समजून चाला. `Shift+Space` दाबलं की खेळ थांबतो. त्यात श्वास घ्या, नकाशा बघा, चहा ठेवा. पण थांबलेल्या खेळात कामं नेमून देता येतील या भरवशावर राहू नका. एक सावधगिरी इथेच सांगतो. बऱ्याच गेममध्ये नुसतं `Space` म्हणजे पॉज, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. इथे नुसतं `Space` दाबलं तर पडदा उडी मारून शेवटचा हल्ला जिथे झाला तिथे जातो. पॉज तर होत नाहीच, वर आपण कुठे होतो तेही हरवतं. `Shift` धरायची सवय पहिल्या दिवसापासूनच लावा.

हुकूम देता येणाऱ्या पॉजची उणीव इथे भरून निघते ती वेगाच्या सोयीने. डाव सुरू करतानाच `Game Speed` निवडता येतो, आणि त्यात सगळ्यात खालची पायरी आहे `Turtle`, म्हणजे 0.1 पट. खेळातला एक सेकंद तुमच्या घड्याळात दहा सेकंद चालतो. हल्लेखोर तुमच्या शेतापर्यंत यायला खेळातली वीस सेकंदं लागणार असतील, तर तुमच्या हातात तीन मिनिटांहून जास्त वेळ असतो, आणि त्या सगळ्या वेळात प्रत्येक हुकूम चालतो. एकट्याने खेळताना हा वेग डावाच्या मध्येही वरच्या पट्टीतल्या बटणावरून बदलता येतो. म्हणजे कंटाळवाणा भाग नेहमीच्या वेगाने आणि गुंतागुंतीचा भाग कासवाने, असं चालवता येतं. काही जणांना ही फसवणूक वाटते. कॉम्प्युटरविरुद्ध एकट्याने खेळताना फसवणूक कोणाची होते, ते मला समजलेलं नाही.

डाव मांडताना

थेट डावात उतरण्याआधी मुख्य पानावरच्या `Learn to Play` मधला `Tutorial` एकदा करून घ्या. माऊसच्या डाव्या बटणाने निवडायचं आणि उजव्या बटणाने हुकूम द्यायचा, एवढं अंगवळणी पडलं तरी पुरे.

मग `Single-player` मधून `Matches`. नकाशा `Mainland` घ्या. सगळी जमीन, मध्ये समुद्र नाही, त्यामुळे जहाजांची डोकेदुखी नाही. आकार लहान ठेवा आणि खेळाडू दोनच: तुम्ही आणि कॉम्प्युटर. तुमच्यासाठी मौर्य निवडा.

कॉम्प्युटरच्या नावाशेजारी सेटिंगचं चक्र असतं. त्यावर क्लिक केलं की `Petra Bot` आणि त्याची काठिण्यपातळी दिसते. पहिल्या डावासाठी `Sandbox`. या पातळीवर तो आपलं गाव वसवत बसतो, तुमच्यावर चालून येत नाही. बरेच जण `Sandbox` ला कमी लेखून थेट `Easy` घेतात आणि पहिल्या हल्ल्यात गारद होतात. नजर बसेपर्यंत शत्रूची गरजच नाही.

आणखी दोन गोष्टी बघा. `Ceasefire` म्हणजे तहाची मुदत, मिनिटांत. ती `Sandbox` मध्ये लागत नाही, पण पुढच्या पातळीला गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. त्या वेळात कोणीही कोणावर हल्ला करू शकत नाही. ही मिनिटं खेळातली असतात, म्हणजे अर्ध्या वेगावर दहाची वीस होतात. दुसरी गोष्ट लोकसंख्येची कमाल मर्यादा. ती 100 किंवा त्याहून कमी ठेवा. त्याने तुमच्या नजरेवरचा भार कमी होतो आणि लॅपटॉपवरचाही. माणसं वाढत जातात तसा हा गेम जड होत जातो, आणि अडखळत चालणाऱ्या पडद्यावर शांत माणूससुद्धा वैतागतो.

वेग `Turtle` करा आणि डाव सुरू करा.

पहिले दहा सेकंद

मध्यभागी मोठी इमारत दिसते ती नगरकेंद्र. आजूबाजूला चार बायका, चार पायदळ सैनिक, एक घोडेस्वार आणि हत्ती. तिजोरीत अन्न, लाकूड, दगड आणि धातू प्रत्येकी 300, अर्थात तुम्ही सुरुवातीचा साठा बदलला नसेल तर. इथले साधे सैनिक लढतात तसेच लाकूडही तोडतात आणि घरंही बांधतात, त्यामुळे त्यांना पहाऱ्यावर उभं करून ठेवणं म्हणजे चार माणसं वाया घालवणं.

आधी नगरकेंद्र निवडा. `Shift` धरून बाईच्या चित्रावर क्लिक करा. पाच बायकांची एक तुकडी तयार व्हायला लागते. प्रत्येकीला 50 अन्न, म्हणजे 250 गेले आणि 50 उरले. नगरकेंद्र निवडलेलंच असताना जवळच्या बोरीसारख्या फळझुडपांवर उजवं क्लिक करा. तिथे एक झेंडा उमटतो. आता त्या पाच जणी तयार झाल्या की तुम्हाला न विचारता थेट फळं तोडायला जातील. घाबरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा झेंडा या गेममधली सगळ्यात उपयोगाची वस्तू आहे, कारण नवीन माणूस रिकामा उभा राहण्याचा प्रश्नच त्याने मिटतो.

मग चारांपैकी दोन बायका निवडा आणि फळझुडपांना अगदी चिकटून `Farmstead` बांधायला लावा. 100 लाकूड. ते बांधून झालं की त्या दोघी आपणहून फळं तोडायला लागतात. उरलेल्या दोघींना घर बांधायला लावा. मौर्यांचं घर 150 लाकडाचं धरा. प्रत्येक गोष्टीची नेमकी किंमत बटणावर माऊस ठेवला की दिसते, पाठ करायची गरज नाही.

आता हिशोब बघा. 300 लाकडातून 100 आणि 150 गेलं, उरलं 50. लाकूड साठवायला जे कोठार लागतं, `Storehouse`, ते 100 ला आहे. म्हणजे ते आत्ता परवडत नाही. सैनिकांना झाडं तोडायला पाठवलं तर प्रत्येक मोळी घेऊन ते पार नगरकेंद्रापर्यंत चालत येणार, आणि निम्मा वेळ चालण्यातच जाणार. इथे मौर्यांचा हत्ती कामाला येतो. तो चालतं-फिरतं कोठार आहे. त्याला निवडा, झाडांच्या दाटीजवळच्या मोकळ्या जमिनीवर उजवं क्लिक करा आणि तिथेच उभा राहू द्या. मग चारही सैनिकांना त्याच्याशेजारच्या झाडावर पाठवा. मोळी दोन पावलांवर हत्तीपाशी टाकतात आणि परत वळतात. पुढे झाडं तुटून जंगल मागे सरकलं की हत्तीही पुढे सरकवायचा. हे नवशिके विसरतात. हत्ती जुन्या जागी आणि लाकूडतोडे लांब, असं दिसलं की समजा लाकडाचा आकडा हळू का वाढतोय.

राहिला घोडेस्वार. त्याला नगरकेंद्राजवळच्या कोंबड्यांवर पाठवा. शिकार हे त्याचं काम, फळं आणि शेती त्याला येत नाही.

हे सगळं करताना तुमच्या घड्याळात दीड-दोन मिनिटं गेली असतील. खेळातली गेली दहा-बारा सेकंदं. या सुरुवातीत कोणी उगाच उभं राहिलेलं नाही, आणि पुढच्या पाच जणींची सोयही झालेली आहे. डाव इथे `Shift+F5` ने सेव्ह करा. `Shift+F8` ने परत इथे येता येतं. फक्त लक्षात ठेवा, गेमची नवी आवृत्ती टाकल्यावर जुने सेव्ह उघडतील यावर विसंबू नये.

नजरेची फेरी

इथून पुढे एकच गोष्ट शिकायची: ठरलेल्या क्रमाने चार ठिकाणी बघणं. रात्री पहारेकरी गल्लीत एकाच वाटेने फिरतो, तशी ही फेरी. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

पहिली नजर नगरकेंद्रावर. तिथे काही तयार होतंय की ते रिकामं बसलंय? रिकामं असेल आणि अन्न 250 असेल, तर आणखी पाच बायका. झेंडा फळांवर आहे की आता लाकडावर हवा, तेही तिथेच ठरवा. साधारणपणे फळझुडपांवर सात-आठ जणी झाल्या की पुढची तुकडी लाकडावर वळवा.

दुसरी नजर लोकसंख्येच्या आकड्यावर, वरच्या पट्टीत. नगरकेंद्र 20 जणांची सोय करतं, त्यापुढे घरं लागतात. तुम्ही पाच-पाचच्या तुकड्या काढताय, म्हणून जागा पाचाच्या आसपास उरली की पुढचं घर सुरू झालेलं हवं. ती संपल्यावर घर बांधायला घेतलं तर तयार तुकडी नगरकेंद्रातच अडकते, आणि नवीन माणसाला कळतच नाही की बायका बाहेर का येत नाहीत. पाच-पाचच्या तुकडीचा हाही एक स्वभाव आहे, की पाचही जणी एकदमच बाहेर पडतात, एकेक करून नाही.

तिसरी नजर रिकाम्या माणसांवर. इथे डोळ्यांनी शोधायचं नाही. `.` ही कळ दाबा. रिकामा कामकरी असेल तर तो निवडला जातो. त्याला काम द्या, पुन्हा `.` दाबा. काहीच निवडलं गेलं नाही की पुढे चला. फळं संपली की ढीगभर बायका एकदम रिकाम्या होतात, आणि तो पहिल्या डावातला गोंधळाचा नेहमीचा क्षण. म्हणून झुडपं निम्मी झाली की नगरकेंद्राला किंवा `Farmstead` ला लागून पहिलं शेत घाला. 100 लाकूड, आणि एका शेतावर पाच जणी. सहावी तिथे काम करू शकत नाही, तिच्यासाठी दुसरं शेत.

चौथी नजर साठ्यावर. एखादा आकडा फुगत चाललाय का? गावाचं नगर करायला, म्हणजे `Town Phase` ला, 500 अन्न आणि 500 लाकूड लागतं. त्यासाठी मुद्दाम साठवत असाल तर ठीक. पण तसं काही ठरवलेलं नसताना लाकूड 600 वर गेलं असेल, तर तुमची फेरी हळू पडतेय किंवा लाकडावर माणसं जास्त झालीत.

वेग कधी वाढवायचा याचं उत्तरही याच फेरीत आहे. चारही ठिकाणं बघून झाली, सगळं ठीक आहे, आणि तुम्ही नुसते पडद्याकडे बघत बसलाय, असं दोन-तीन फेऱ्या लागोपाठ झालं की एक पायरी वर जा. `Turtle` वरून अर्ध्या वेगावर, मग पुढे. उलट, फेरी पूर्ण व्हायच्या आत लोकसंख्या अडकली, रिकामी माणसं साठली, तर लगेच खाली या. अर्ध्या वेगावर पूर्ण डाव खेळण्यात काही कमी नाही. माझ्या ओळखीचे एक काका कायम तसाच खेळतात आणि मजेत असतात.

पहिला हल्ला, सावकाश

`Sandbox` मध्ये एखादा पूर्ण डाव झाला की `Very Easy` घ्या आणि तहाची मुदत पंधरा मिनिटं ठेवा. मुदत संपायच्या आत एक तयारी करा: लाकूड तोडणारे सगळे सैनिक निवडून `Ctrl+1` दाबा. एका सैनिकावर डबल क्लिक केलं की पडद्यावरचे त्याच जातीचे सगळे निवडले जातात. यानंतर नुसतं `1` दाबलं की हीच टोळी हातात येते, ती कुठेही असो.

समजा शत्रूचे सहा-सात जण तुमच्या शेतावर आले. इशाऱ्याचा आवाज होतो आणि छोट्या नकाशावर ठिपका लुकलुकतो. या क्षणी बहुतेक जण सगळ्यांना निवडून तिकडे धाडतात, त्यात बायकाही जातात आणि निम्म्या मरतात. तुम्ही आधी `Shift+Space` दाबा. थांबलेल्या पडद्यावर दोनच गोष्टी ठरवा: ते कुठे आहेत आणि किती आहेत. आकडा मोजा, अंदाज नको. भीतीत सातांचे वीस दिसतात.

पॉज काढा आणि लगेच वेग `Turtle` वर आणा. आता `Space` चा खरा उपयोग आहे, तो तुम्हाला हल्ल्याच्या जागी नेतो. नगरकेंद्र निवडून तिथलं घंटेचं बटण दाबा. आसपासच्या बायका कामं सोडून जवळच्या इमारतींत शिरतात. सैनिक शिरत नाहीत, ते तुमच्या हुकमाची वाट बघतात. मग `1` दाबून टोळीला शत्रूवर उजवं क्लिक करा. शत्रू जास्त असतील, तर काही पायदळ सैनिक नगरकेंद्रातच शिरवा. आत सैनिक असले की त्यातून जास्त बाण सुटतात. शिवाय या गेममध्ये शत्रू इमारत पाडण्याऐवजी बळकावतो, आणि आत सैनिक असले की ते त्याला अवघड जातं. नगरकेंद्राच्या वरची मालकीची पट्टी शत्रूच्या रंगाने भरायला लागली, तर आत आणखी माणसं हवीत हे ओळखा.

हल्ला संपला की एक काम हटकून राहतं: घंटा बंद करणं. त्याच जागी ती थांबवण्याचं बटण असतं. ते दाबलं नाही तर बायका इमारतींतच बसून राहतात, अन्न वाढत नाही आणि पाच मिनिटांनी तुम्ही विचार करत बसता की जिंकूनही डाव का कोसळतोय. बटण दाबल्यावर बायका पुन्हा कामाला लागतात. तरी एकदा `.` दाबून बघा, मग `1` दाबून सैनिकांना परत झाडांवर पाठवा, आणि फेरी पुन्हा नगरकेंद्रापासून.

यानंतर काय

एवढं जमलं की थांबलेल्या वेळात हुकूम देता येणारे गेमही तुमच्यासाठी उघडे आहेत, आणि ते विकत घ्यावे लागतात म्हणून क्रमाने जा. कंपनी ऑफ हीरोज 3 मध्ये एकट्याने खेळताना असा पॉज मुद्दाम दिलेला आहे. थांबवा, प्रत्येक तुकडीला ओळीने कामं द्या, चालू करा. मात्र तो दुसऱ्या महायुद्धातला लढाईचा गेम आहे, वसाहत उभारण्याचा भाग त्यात थोडाच.

वसाहत आवडली असेल तर दे आर बिलियन्स. त्यात `Space` दाबून गेम थांबवता येतो, आणि थांबलेल्या अवस्थेत घरं, भिंती, मनोरे सगळं मांडता येतं. पॉजच्या बाबतीत घाबरणाऱ्याला याहून सोयीचा गेम विरळा. पण दुसऱ्या बाजूने तो फार कडक आहे. सेव्ह आपोआप होतो आणि मागच्या क्षणाला परत जाता येत नाही. एखादा झोंबी नजर चुकवून आत शिरला की घरामागून घर बाधित होत जातं, आणि दोन-तीन तासांची वसाहत काही मिनिटांत जाते. म्हणून तो घ्यायचा तर आधी 0 A.D. मध्ये `Easy` वर, घंटेच्या आणि `Turtle` च्या मदतीने का होईना, दोन-चार हल्ले परतवून झालेले असू द्या. आणि पहिल्या वसाहतीत अवघडपणा सगळ्यात खालचा ठेवा.